उंची भराभर वाढतेय आणि खेळ बिघडलाय

पत्र

ताई, नमस्कार. माझा मुलगा १३ वर्षं ७ महिन्यांचा आहे. गेली पाच वर्षं बॅडमिंटन खेळतोय. गेल्या सहा महिन्यांत त्याची उंची ५ सेंटीमीटरनं वाढली. त्याआधीच बुटांचे दोन नंबर बदलावे लागले होते. आठवड्यातले सहा दिवस सकाळी साडेपाच ते सात आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात असा सराव असतो. रात्री झोपायला अकरा वाजतात आणि पावणेपाचला त्याला उठवावं लागतं. दोन-तीन महिन्यांपासून त्याचे स्मॅश जाळीत जातायत, पाय अडखळतात, पूर्वी ज्यांना सहज हरवायचा त्यांच्याकडून हरतोय. उजव्या गुडघ्याखाली टेंगूळ आलंय आणि खेळून झाल्यावर ते दुखतं. सर म्हणतात, लक्ष नाही, मेहनत कमी पडतेय, रोज अर्धा तास उड्या आणि फुटवर्क जादा करायला हवं. त्याच्या बाबांना वाटतं की काही महिने खेळ बंदच करावा. दोन महिन्यांनी निवड स्पर्धा आहे. आम्ही काय करावं?
— एक आई

उत्तर

नमस्कार. खेळ बंद करू नका आणि सरावही वाढवू नका. सकाळचा सराव या आठवड्यापासून थांबवा. जादा उड्यांना स्पष्ट नकार द्या. संध्याकाळचा सराव चालू ठेवा, पण त्यातला गुडघ्यावर आदळणारा भाग कमी करा. हे का आणि कसं, ते आता नीट सांगते. तुम्हाला हे सरांनाही समजावून सांगावं लागणार आहे, म्हणून जरा विस्तारानं लिहिते.

सहा महिन्यांत ५ सेंटीमीटर म्हणजे वर्षाला १० सेंटीमीटरचा वेग. वयात येण्याआधी मुलं वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढतात. मुलग्यांमध्ये वाढीचा वेग सर्वांत जास्त असतो तो साडेतेरा-चौदाच्या आसपास, आणि मुलींमध्ये त्याच्या सुमारे दोन वर्षं आधी. तुमचा मुलगा नेमका त्या शिखरावर उभा आहे. बुटांच्या नंबरांनी तुम्हाला ही सूचना आधीच दिली होती, कारण वाढ सगळीकडे एकाच वेळी होत नाही. आधी पावलं वाढतात, मग नडगी आणि मांडी लांब होते आणि धड त्यानंतर वाढतं. वजनाचा आणि स्नायूंच्या ताकदीचा मोठा टप्पा तर उंचीच्या शिखरानंतर काही महिन्यांनी येतो. म्हणजे आज त्याचे पाय लांब झालेत, पण ते आवरायला लागणारी ताकद अजून पूर्ण आलेली नाही. त्याच्या बहुतेक तक्रारी या मधल्या काळातल्या आहेत.

हा काळ किती चालेल हे कॅलेंडर बघून सांगता येत नाही, मोजमाप घेऊनच कळतं. म्हणून महिन्यातून एकदा सकाळी, उठल्यावर साधारण त्याच वेळी, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून उंची मोजा. डोक्यावर एक जाड पुस्तक आडवं धरा, भिंतीवर खूण करा, तीनदा मोजा आणि मधला आकडा लिहा. वेळ पाळणं महत्त्वाचं आहे. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत उंची सुमारे एक सेंटीमीटरनं कमी भरू शकते. एक मोजमाप सकाळचं आणि पुढचं संध्याकाळचं असेल तर सगळा हिशेब चुकतो. एका महिन्याचा फरकही फसवा असतो, म्हणून तीन महिन्यांचा एकत्र बघा. महिन्याला सरासरी ०.६ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त वाढ होत असेल, तर सरावाचा भार जपून ठरवायचा काळ आहे असं मी धरते. फुटबॉल अकादमींमधल्या मुलांच्या अभ्यासातही दुखापतींचं प्रमाण याच वेगाच्या पुढे वाढलेलं दिसलं होतं. तुमच्या मुलाचा आकडा सध्या ०.८ च्या वर आहे.

जमलं तर बसून उंचीही लिहून ठेवा. स्टुलावर ताठ बसवायचं, पाठ भिंतीला लावायची, डोक्यापर्यंत मोजायचं आणि स्टुलाची उंची वजा करायची. काही महिन्यांनी असं दिसेल की पायांची वाढ मंदावलीय आणि बसून उंची झपाट्यानं वाढतेय. तेव्हा गुडघे शांत होतात आणि काळजी घ्यायची पाळी कंबरेची येते. डोक्यावरचं शटल मारताना मागे वाकण्याची सवय असलेल्या खेळाडूच्या बाबतीत तर ही पाळी आधीच ओळखलेली बरी.

आता स्मॅश जाळीत का जातो ते बघू. गेल्या पाच वर्षांत त्याच्या मेंदूनं एका विशिष्ट लांबीच्या हातापायांचा अंदाज बांधला होता. शटल कधी मारायचं, पाऊल कुठे टाकायचं, थांबायला किती जोर लावायचा, सगळं त्या मापावर बसलेलं होतं. माप बदललं, अंदाज जुनाच राहिला. त्यात हात थोडासा लांब झाला तरी तो फिरवायला लागणारा जोर लांबीच्या मानानं कितीतरी जास्त वाढतो, कारण वजनही वाढलेलं असतं आणि ते खांद्यापासून लांब गेलेलं असतं. स्नायूंची ताकद मागे असल्यामुळे रॅकेट क्षणभर उशिरा येते. शरीराचा तोल सांभाळण्याचा बिंदू वर सरकलेला असतो, म्हणून धावत जाऊन थांबताना तो एक पाऊल जास्त घेतो किंवा अडखळतो. पूर्ण लक्ष देऊन खेळलं तरी हे होईल.

अर्थात प्रत्येक मुलाचं असं होत नाही. कित्येकांचा वेग आणि उडी याच काळात सुधारत राहते आणि त्यांना काही जाणवतही नाही. पण ज्यांचा खेळ क्षणाच्या अचूकतेवर चालतो, त्यांच्यात हा गोंधळ जास्त दिसतो. तो बहुधा काही महिन्यांत ओसरतो. मधल्या काळात मोठ्यांनी केलेले उपायच कधीकधी नडतात. मुलगा चुकतोय म्हणून ग्रिप बदलतात, स्मॅशची पद्धत बदलतात, नवे फटके शिकवायला घेतात. माझं मत स्पष्ट आहे: वाढीच्या शिखरावर असताना नवं तंत्र बसवायला जाऊ नये. आधी जुनं तंत्र नव्या मापाच्या शरीरावर बसू द्यावं.

त्यासाठी सरांना एक विनंती करा. सरावातली पहिली वीस मिनिटं संथ आणि ओळखीच्या कामाला द्यावीत. हातानं टाकलेली शटल, त्याला पूर्वी चांगले जमणारे क्लिअर आणि ड्रॉप, गुण मोजायचे नाहीत. त्याच्याबरोबर शॅडो फुटवर्क, म्हणजे शटलशिवाय नुसत्या पावलांचा सराव, पण आधी चालण्याच्या वेगानं. कोर्टाचा मागचा कोपरा तो पूर्वी ज्या पावलांत गाठायचा, तिथे आता कदाचित एक पाऊल कमी लागेल किंवा पहिलं पाऊल छोटं घ्यावं लागेल. हे त्याला स्वतःला सापडायला हवं आणि पूर्ण वेगात ते सापडत नाही. प्रगती मोजायची पद्धतही या काळापुरती बदला. सामना जिंकला की हरला हे बाजूला ठेवून, दहा शटलांपैकी किती त्यानं शरीराच्या पुढे गाठली, तेवढंच मोजा. हा आकडा दोन-तीन आठवड्यांत हलायला लागतो आणि मुलाला धीर येतो.

गुडघ्याकडे वळू. तुम्ही वर्णन केलेली जागा, वय आणि टेंगूळ बघता हे ऑसगुड-श्लॅटर नावाचं, वाढत्या मुलांच्या गुडघ्याखाली होणारं दुखणं असण्याची शक्यता खूप आहे. मी ते पत्रावरून ठरवू शकत नाही, म्हणून एकदा हाडांच्या डॉक्टरांना किंवा खेळाडूंबरोबर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टना प्रत्यक्ष दाखवा. मांडीचा पुढचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून खाली येऊन नडगीच्या वरच्या टोकाला जोडलेला असतो. मोठ्या माणसात ती जागा पक्क्या हाडाची असते. वाढत्या मुलात तिथे अजून कूर्चा असते. प्रत्येक उडी आणि लांब पाऊल टाकून गुडघा वाकवत घेतलेला प्रत्येक लंज म्हणजे ओल्या सिमेंटमध्ये रोवलेल्या खुंटीला दोरीनं दिलेला हिसका. शिवाय हाड लांब झाल्यामुळे स्नायू आधीच ताणलेला असतो. हिसके वारंवार बसले की ती जागा सुजते, दुखते आणि शरीर तिथे जादा हाड घालतं, तेच टेंगूळ. दुखणं पुढे जातं, टेंगूळ मात्र बऱ्याचदा कायम राहतं आणि सहसा त्याचा काही त्रास होत नाही. त्याची भीती नको.

उड्या वाढवल्या तर नेमका तोच हिसका वाढेल, म्हणून मी सुरुवातीलाच नकार द्यायला सांगितलं. पण बाबांचा उपायही मला पटत नाही. पूर्ण बंद केल्यानं दुखणं थांबतं खरं, पण मांडीची ताकद आणखी कमी होते, नव्या शरीराशी जुळवून घेण्याचा सराव बुडतो आणि परत कोर्टवर आल्यावर तेच पुन्हा सुरू होतं. मधला मार्ग हा की दुखण्याला मोजपट्टी लावायची. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे असह्य, असं त्यालाच विचारा. खेळताना दुखणं तीनपर्यंत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना ते नेहमीच्याच पातळीवर असलं, तर तेवढा भार चालतो. तीनच्या वर गेलं, तो लंगडायला लागला किंवा सकाळी दुखणं वाढलेलं असलं, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा आणि पुढच्या वेळी उड्या आणि लंज निम्म्यावर आणा.

बॅडमिंटनमध्ये गुडघ्याला सर्वांत महाग पडतात त्या तीन गोष्टी: उडी मारून मारलेला स्मॅश, मागच्या कोपऱ्यातून फटका मारून एका पायावर उतरणं, आणि जाळीजवळचा खोल लंज. पहिल्या तीन-चार आठवड्यांत उडीचा स्मॅश पूर्ण बंद, जमिनीवर पाय ठेवून मारायला हरकत नाही. एकामागून एक शटल टाकून घेतला जाणारा मल्टिशटल सराव लहान तुकड्यांत घ्यायचा आणि जाळीकडचे लंज मोजून करायचे. सरावाचे तास सगळे मोजतात, उड्या कोणी मोजत नाही, आणि गुडघ्याला कळतात त्या उड्याच.

ताकदीचं काम मात्र वाढवा. वजन उचलल्यानं किंवा ताकदीच्या व्यायामानं उंची खुंटते हा समज चुकीचा आहे. नीट शिकवून आणि देखरेखीखाली केलेला ताकदीचा व्यायाम या वयात सुरक्षित असतो. सुरुवात भिंतीला पाठ लावून, गुडघे थोडे वाकवून स्थिर बसण्यानं करा. ३० सेकंद धरायचं, एक मिनिट थांबायचं, असं चार ते पाच वेळा, एक दिवसाआड. दुखत असेल तर कमी वाकायचं. त्याच्या जोडीला पाठीवर झोपून कंबर उचलणं आणि टाचा उंचावणं. तीन-चार आठवड्यांनी सावकाश बैठका आणि पुढे टाकलेलं संथ पाऊल. मांडी जोरात ताणण्याचा व्यायाम या अवस्थेत नको. त्या दुखऱ्या जागेवर तोही हिसकाच असतो. हलका, न दुखणारा ताण चालेल.

सराव सुरू करण्याआधीची पंधरा मिनिटं दोन फेऱ्या धावून संपवू नका. एका पायावर तोल सांभाळणं, छोट्या उडीनंतर आवाज न करता उतरणं, बाजूला सरकून थांबणं, पोटाच्या स्नायूंचं काम, असा क्रम हवा. फुटबॉलमध्ये ७ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी 'फिफा ११+ किड्स' नावाचा असाच कार्यक्रम तपासला गेला, तेव्हा दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या होत्या. खेळ वेगळा असला तरी उतरणं, थांबणं आणि वळणं दोन्हीकडे आहे. उतरताना गुडघा आत पडतोय का, हे समोर उभं राहून बघा. (ज्यांच्या घरी मुलगी खेळते त्यांनी तर हे नक्की बघावं. वाढीच्या टप्प्यानंतर मुलींमध्ये गुडघ्यातला अस्थिबंध फाटण्याचा धोका वाढतो आणि आत पडणारा गुडघा ही त्याची एक खूण आहे.)

काही लक्षणं दिसली तर मोजपट्टी बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जायचं. गुडघा रात्री झोपेतून उठवतो, सांधा अडकतो किंवा खूप सुजतो, दुखण्याबरोबर ताप येतो. मागे वाकताना कंबरेत एका बाजूला दुखतं आणि ते दोन आठवड्यांत जात नाही, कारण वाढत्या खेळाडूंमध्ये मणक्याच्या मागच्या भागात सूक्ष्म भेग पडू शकते. धावताना अचानक कंबरेच्या हाडाजवळ कट्‌कन वाजल्यासारखं होऊन पाऊल टाकता येत नाही, तेव्हा स्नायूनं हाडाचा तुकडाच ओढून काढलेला असू शकतो. आणि एक खूण फार महत्त्वाची आहे: मुलगा लंगडतोय, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं आहे, तक्रार मात्र गुडघ्याची किंवा मांडीची करतोय. या वयात खुब्याच्या हाडाचं टोक वाढीच्या पट्टीवरून, म्हणजे हाड जिथून लांब होतं त्या कूर्चेच्या थरावरून, सरकू शकतं आणि दुखतं गुडघ्यात. त्यात एक दिवसही थांबू नये, त्याला चालवूही नये.

पडण्याबद्दलही सावध राहा. या काळात हाड आधी लांब होतं आणि त्यात खनिज भरण्याचं काम अर्धं ते एक वर्ष मागून येतं. मनगटाजवळची हाडं मोडण्याचं प्रमाण याच वयात जास्त असण्याचं हे एक कारण आहे. पडल्यावर मनगट किंवा घोटा हाडावर दाबून दुखत असेल, तर 'मुरगळलंय' म्हणून बांधून ठेवू नका, एक्स-रे काढा. मुलांमध्ये वाढीची पट्टी अस्थिबंधापेक्षा कमकुवत असू शकते आणि इजा तिथे होते.

एवढं सगळं गुडघ्यावर लिहिलं, तरी तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट झोपेची आहे. अकरा ते पावणेपाच म्हणजे पावणेसहा तास. १३ ते १८ वयोगटासाठी झोपतज्ज्ञांची शिफारस ८ ते १० तासांची आहे. म्हणजे रोज किमान सव्वादोन तासांची उधारी. शाळकरी खेळाडूंच्या २०१४ सालच्या एका अभ्यासात सरासरी ८ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांमध्ये दुखापत झालेली असण्याची शक्यता १.७ पट दिसली होती. त्यावरून झोप हेच कारण असं सिद्ध होत नाही, पण बाकीच्या गोष्टी त्याच दिशेला बोट दाखवतात. वाढीचं संप्रेरक रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत सर्वांत जास्त स्रवतं. दिवसभरात शिकलेली हालचाल मेंदूत पक्की होते तीही झोपेत. मापं बदललेल्या शरीराला नवा अंदाज बांधायचा आहे आणि तो बांधायचा वेळच आपण त्याला देत नाही. झोप अपुरी असलेल्या मुलाची नजर आणि हात यांचा मेळ तसाही चुकतो. म्हणजे जाळीत जाणाऱ्या स्मॅशमध्ये उंचीचा वाटा किती आणि झोपेचा किती, हे झोप पूर्ण केल्याशिवाय कळणारच नाही.

यावर घरोघरी ऐकू येणारं उत्तर म्हणजे 'मग नऊला झोपव त्याला'. ते जमत नाही आणि त्यात मुलाचा हट्ट नसतो. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं. नऊला दिवा बंद केला तरी तो छताकडे बघत पडून राहील. झोप सकाळच्या बाजूनंच मिळवावी लागते, म्हणून सकाळचा सराव थांबवणं हा माझ्या सल्ल्याचा गाभा आहे. संध्याकाळचा सराव सातला संपवा, जेवण आठच्या आत, पावणेदहाला फोन खोलीबाहेर आणि दिवे मंद, सव्वादहापर्यंत झोप. शाळेसाठी पावणेसातला उठायचं. साडेआठ तास मिळतात. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं उजेडात जाऊ द्या, त्यानं घड्याळ आणखी पुढे सरकत नाही. सुट्टीच्या दिवशी एक तास जास्त झोपला तर झोपू द्या, पण दुपारपर्यंत नको. शाळेतून दमून आला तर सरावाआधी वीस मिनिटांची डुलकी चालेल.

आता आठवडा मांडून दाखवते. सध्या सहा दिवस, रोज साडेतीन तास म्हणजे २१ तास होतात. मुलांच्या खेळात एक साधा नियम वापरतात: आठवड्यातले संघटित सरावाचे तास मुलाच्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त नसावेत. त्या हिशेबानं निरोगी असतानाही त्याची कमाल मर्यादा १३ तासांच्या आसपास येते, आणि सध्या गुडघा दुखतोय. म्हणून पहिले तीन-चार आठवडे असे जाऊ द्या. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेपाच ते सात कोर्टवर, वर सांगितलेल्या क्रमानं. मंगळवारी एक तास फक्त ताकद आणि तोलाचं काम. शनिवारी दीड तास दुहेरीचे खेळ, कारण त्यात अर्धंच कोर्ट सांभाळायचं असतं आणि तरीही सामन्याची नजर टिकते. गुरुवार आणि रविवार पूर्ण सुट्टी. एकूण सात तास. शाळेतला खेळाचा तास आणि मैदानावरची धावपळही मनात धरा. त्या दिवशी शाळेत उड्या-धावण्याच्या स्पर्धा झाल्या असतील तर संध्याकाळी कोर्टवर फक्त संथ काम.

त्याचं खाणं यातून सुटायला नको. इतक्या वेगानं वाढणारं आणि खेळणारं शरीर भुकेलं असतं. सराव कमी झाला म्हणून ताटातलं कमी करू नका.

भार परत वाढवताना एका वेळी एकच गोष्ट वाढवा. सलग दोन आठवडे खेळताना दुखणं दोनच्या आत राहिलं, सकाळी जिना सहज उतरता आला आणि एका पायावर सावकाश बैठक दोन्ही बाजूंनी सारखी जमली, तर आधी छोट्या उड्या सुरू करा. एका सत्रात वीस, तेही आठवड्यातून दोनदाच. पुढच्या आठवड्यात तास वाढवा, उड्या तेवढ्याच ठेवा. मग जाळीचे लंज. उडीचा स्मॅश सर्वांत शेवटी. मधे दुखणं वाढलं तर शेवटची वाढवलेली गोष्ट मागे घ्या, सगळं थांबवू नका. दहा-अकरा तासांवर पोहोचलात की उंचीचा वेग ओसरेपर्यंत तिथेच थांबा.

सरांशी बोलताना 'तुमचं चुकलं' या सुरात जाऊ नका. उंचीचे आकडे, झोपेचे तास आणि गुडघ्याची नोंद कागदावर घेऊन जा आणि तीन गोष्टी मागा: सकाळी सुट्टी, उड्यांवर मर्यादा, आणि या काळात त्याला मागच्या वर्षीच्या त्याच्याशी तोलायचं नाही. एकाच वयोगटातली दोन मुलं शरीरानं दोन-तीन वर्षं पुढेमागे असू शकतात. जो आज त्याला हरवतोय त्याची वाढ कदाचित होऊन गेली असेल किंवा अजून सुरूच झाली नसेल. मुलालाही हे समोर बसवून सांगा. आपला खेळ गेला असं वाटून या वयात मुलं गुपचूप रॅकेट ठेवून देतात, आणि दुखतंय हेही लपवतात, कारण दुखतंय म्हटलं तर खेळ बंद होईल अशी त्यांना भीती असते. बाबांनी 'खेळ बंद' हे शब्द त्याच्यासमोर न उच्चारलेले बरे, नाहीतर दुखण्याचा खरा आकडा तुम्हाला कधीच मिळणार नाही.

राहिली निवड स्पर्धा. आज निर्णय घेऊ नका. सहाव्या आठवड्याच्या शेवटी घ्या. तेव्हा तो उडीच्या स्मॅशसह दोन सराव सामने तीनच्या आतल्या दुखण्यावर खेळला आणि दुसऱ्या सकाळी गुडघा जसा होता तसाच राहिला, तर खेळू द्या. स्पर्धेत एका दिवशी दोन-तीन सामने येत असतील तर त्याआधीच्या आठवड्यात सराव निम्मा ठेवा आणि एकेरी किंवा दुहेरी, एकच प्रकार निवडा. तेवढं जमलं नसेल तर नाव मागे घ्या आणि त्या दिवशी त्याला मित्रांचे सामने बघायला पाठवा. झोपेचा बदल मात्र स्पर्धा होवो न होवो, आज रात्रीपासून करा.